एकदाच वापरायचा आकडा

संदेश कूटबद्ध करताना दोन गोष्टी लागतात हे बहुतेकांना ठाऊक असते: मूळ मजकूर आणि गुप्त किल्ली. आजच्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीत तिसरीही एक गोष्ट लागते, आणि ती गुप्त नसते. तिला काही पद्धतींत नॉन्स म्हणतात, काहींत इनिशियलायझेशन व्हेक्टर, थोडक्यात आयव्ही. हा एक लहानसा आकडा असतो. तो संदेशाच्या पुढे उघडा लिहून पाठवला जातो आणि कोणीही तो वाचू शकतो. त्याच्यावर अट एकच असते. एका किल्लीसोबत एक आकडा एकदाच वापरायचा, पुन्हा कधीही नाही.

हा आकडा का लागतो ते सध्या सर्वाधिक चालणाऱ्या एईएस-जीसीएम या पद्धतीवरून समजते. एईएस हे यंत्र एका वेळी १६ बाइटचा खंड घेते आणि किल्लीच्या आधारे त्याचा दुसराच, ओळखू न येणारा १६ बाइटचा खंड करून देते. जीसीएममध्ये या यंत्रात मूळ मजकूर घातलाच जात नाही. त्यात १२ बाइटचा नॉन्स आणि ४ बाइटचा खंडक्रमांक जोडून घालतात. खंडक्रमांक एकेकाने वाढवत गेले की बाहेर निरर्थक दिसणाऱ्या बाइटची लांबच लांब माळ पडत जाते. मूळ मजकुराचा प्रत्येक बाइट या माळेतल्या त्या जागच्या बाइटशी एक्सॉर या क्रियेने जुळवला की कूट मजकूर तयार होतो. एक्सॉरमध्ये दोन बिट सारखे असतील तर उत्तर ०, वेगळे असतील तर १. या क्रियेचा गुण असा की तीच माळ पुन्हा लावली तर मूळ मजकूर परत मिळतो. म्हणून उलगडणाऱ्याला किल्ली आणि नॉन्स एवढे पुरते.

माळ ठरते ती फक्त किल्ली आणि नॉन्स यांवरून. मजकूर काय आहे याचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे किल्ली तीच आणि नॉन्सही तोच असेल, तर दोन वेगळ्या संदेशांना हुबेहूब एकच माळ लागते. पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

एखाद्या हिशेबप्रणालीने दोन रकमा एकाच नॉन्सने कूटबद्ध केल्या असे धरू. पहिली ५०००, दुसरी ९७५०. संगणकात हे अंक आस्की संकेतांत साठवले जातात: शून्याचा संकेत 30, पाचाचा 35, साताचा 37, नवाचा 39, सगळे षोडशमान पद्धतीत. माळेचे पहिले चार बाइट A7 1C 5E 93 निघाले, तर असे घडते:

```
"5000"        35 30 30 30
माळ           A7 1C 5E 93
कूट १         92 2C 6E A3

"9750"        39 37 35 30
माळ           A7 1C 5E 93
कूट २         9E 2B 6B A3

कूट १ ⊕ कूट २  0C 07 05 00
```

वाटेत डोकावणाऱ्याकडे किल्ली नाही आणि माळही नाही. त्याच्याकडे फक्त दोन कूट मजकूर आहेत. पण ते एकमेकांशी एक्सॉर केले की दोन्हींतली माळ परस्परांना खोडून टाकते आणि उरतो तो दोन मूळ मजकुरांचा एक्सॉर. शेवटचा बाइट 00 आला, म्हणजे दोन्ही रकमांचा शेवटचा अंक सारखा आहे हे त्याला लगेच कळले. आता पहिली रक्कम ५००० होती हे त्याला इतर कुठून तरी ठाऊक असेल, उदाहरणार्थ ती त्याचीच असेल, तर 0C आणि 35 यांचा एक्सॉर 39 येतो, म्हणजे ९. याच रीतीने पुढचे तीन अंक निघतात. एईएसची किल्ली फोडायला जगातले सगळे संगणक कमी पडतील, पण इथे तिला हात लावायची गरजच पडली नाही.

दोन्ही मजकूर अनोळखी असले तरी वाट बंद होत नाही. भाषेत ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात, पत्रांचे मायने ठरलेले असतात, संगणकाच्या फाइलींची सुरुवात साचेबद्ध असते. एका मजकुराच्या जागी संभाव्य शब्द धरून बघायचा आणि दुसऱ्या मजकुरात काही अर्थपूर्ण उमटते का ते तपासायचे, असे हे काम चालते. ते हातानेही करता येते याचा मोठा दाखला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. सोव्हिएत दूतावास आणि गुप्तचर आपल्या तारांसाठी एकदाच वापरायच्या आकड्यांच्या वह्या वापरत. ही पद्धत नीट पाळली तर अभेद्य असते. पण १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, वह्यांची हजारो पाने दोनदा छापली गेली. अमेरिकेने १९४३ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ‘व्हेनोना’ नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात मेरेडिथ गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच दुबार पानांवरून तारांचा अर्थ लावला. तारा उलगडण्याचे हे काम १९८० पर्यंत चालले.

जीसीएममध्ये नॉन्स पुन्हा वापरण्याचा दुसरा परिणाम कमी लोकांना माहीत असतो, आणि तो पहिल्याहून वाईट आहे. जीसीएम केवळ मजकूर लपवत नाही. प्रत्येक संदेशाच्या शेवटी ते १६ बाइटचा एक शिक्का जोडते. वाटेत कोणी एक बिट जरी बदलला तरी शिक्का जुळत नाही आणि संदेश नाकारला जातो. हा शिक्का दोन भागांच्या एक्सॉरने बनतो. एक भाग म्हणजे कूट मजकुराचे खंड सहगुणक धरून केलेली बहुपदी, जिच्यात चलाच्या जागी एक गुप्त संख्या घातलेली असते. ही गुप्त संख्या किल्लीवरून ठरते आणि किल्ली बदलेपर्यंत तीच राहते. दुसरा भाग हा नॉन्सवरून येणारा मुखवटा असतो, जो बहुपदीची किंमत झाकतो.

नॉन्स दोनदा आला की दोन्ही शिक्क्यांवर मुखवटा एकच असतो. शिक्के एकमेकांशी एक्सॉर केले की तो गळून पडतो. मागे एक बीजगणिती समीकरण उरते, ज्यातले सगळे सहगुणक उघड आहेत आणि अज्ञात फक्त ती गुप्त संख्या. असे समीकरण सोडवणे संगणकाला अवघड नाही. मोजकी संभाव्य उत्तरे मिळतात आणि आणखी एखादा संदेश तपासला की खरे कोणते ते ठरते. फ्रेंच गूढलेखनतज्ज्ञ अँत्वान झू यांनी ही त्रुटी २००६ मध्येच, जीसीएमचे प्रमाणीकरण चालू असताना, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेला कळवली होती. ती गुप्त संख्या हाती आली की त्या किल्लीखालच्या दुसऱ्या कुठल्याही संदेशात फेरफार करून त्यावर खरा वाटेल असा शिक्का मारता येतो. म्हणजे मजकूर फुटतो तो फक्त नॉन्स जुळलेल्या दोन संदेशांचा, पण विश्वास उडतो तो त्या किल्लीखालच्या सगळ्याच संदेशांवरचा.

आकडा पुन्हा येऊ द्यायचा नाही हे ठरले. आता तो निवडायचा कसा? सहज सुचणारा उपाय म्हणजे मोजणी: पहिल्या संदेशाला १, दुसऱ्याला २, आणि असेच पुढे. कागदावर याहून भक्कम काही नाही. १२ बाइटमध्ये, म्हणजे ९६ बिटांमध्ये, इतके आकडे बसतात की ७९ लिहून पुढे २७ शून्ये द्यावी लागतात. एकेक आकडा पुढे जात राहिले तर तो पुन्हा येण्याचा प्रश्नच नाही. यादृच्छिक निवडीत, म्हणजे दर वेळी आकडा नशिबावर सोडण्यात, पुनरावृत्तीची शक्यता थोडी तरी उरतेच. मोजणीत ती शून्य असते. म्हणून पाठ्यपुस्तके बहुधा मोजणीला झुकते माप देतात.

पण मोजणी करणाऱ्याला मागचा आकडा आठवावा लागतो. तो विसरला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि एकपासून सुरू झालेली मोजणी म्हणजे आधीच्या प्रत्येक नॉन्सची क्रमवार पुनरावृत्ती. त्यामुळे मोजणी सुरक्षित आहे का, हा प्रश्न खरे तर दोन गोष्टींच्या आयुष्याचा आहे: किल्ली किती काळ जगते आणि मोजणीची आठवण किती काळ जगते. दोन्ही एकत्र जन्मत आणि एकत्र मरत असतील, तर मोजणीइतके चांगले काही नाही. किल्ली मागे राहून आठवण आधी गेली, तर मोजणीइतके धोक्याचेही काही नाही.

ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातला टीएलएस १.३ हा करार पहिल्या प्रकारात मोडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकात प्रत्येक जोडणीसाठी नवी किल्ली बनते आणि संदेशांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. नॉन्स या क्रमांकावरूनच काढला जातो. प्रोग्रामरला त्यात निवड ठेवलेलीच नाही, आणि हा शहाणपणाचा निर्णय आहे. संगणक मध्येच बंद पडला तर क्रमांक विसरला जातो हे खरे, पण किल्लीही त्याच स्मृतीत होती, तीही जाते. पुन्हा जोडणी झाली की नवी किल्ली आणि पुन्हा शून्य.

ही गाठ सुटली की काय होते ते २०१७ मध्ये वाय-फायने दाखवले. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाचे माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसन्स यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘क्रॅक’ नावाचा हल्ला जाहीर केला. त्या वेळी घराघरांतले वाय-फाय डब्ल्यूपीए-२ या पद्धतीने सुरक्षित केलेले असे. फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्या दोन निरोपांतून त्या जोडणीची किल्ली ठरते. तिसरा निरोप राउटर पाठवतो, आणि तो मिळाला की फोन ती किल्ली कामाला लावतो. चौथा निरोप म्हणजे फोनकडून गेलेली पोच. किल्ली कामाला लावताना फोन पाकिटांचा क्रमांक शून्यावर आणतो आणि त्यापुढे प्रत्येक पाकिटाला एकेक क्रमांक देत जातो. हा ४८ बिटांचा क्रमांक म्हणजे नॉन्सचा बदलता भाग.

रेडिओलहरींत निरोप हरवतात. म्हणून मानकात अशी सोय होती की पोच आली नाही तर राउटरने तिसरा निरोप पुन्हा पाठवावा. तो पुन्हा मिळाल्यावर फोन मानकाप्रमाणे तीच किल्ली पुन्हा कामाला लावी, आणि त्यासोबत क्रमांकही पुन्हा शून्यावर आणी. हल्लेखोर राउटर आणि फोन यांच्या मधोमध बसून चौथा निरोप अडवत असे. एवढे पुरे होते. दरम्यान फोनने काही पाकिटे पाठवलेली असत. दुसऱ्यांदा तिसरा निरोप आला की पुढची पाकिटे तीच किल्ली आणि तेच क्रमांक घेऊन निघत, म्हणजे माळही तीच. वाय-फायचा पासवर्ड हल्लेखोराला कधीच कळत नसे आणि त्याला तो नकोही असे.

या हल्ल्यातला बोचरा भाग असा की चार निरोपांची ही देवाणघेवाण सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता आधीच झालेली होती, आणि ती चुकीची नव्हती. किल्ली गुप्त राहते एवढेच तिने सिद्ध केले होते. किल्ली किती वेळा कामाला लागते हे तिने विचारलेच नव्हते. अँड्रॉइड ६.० आणि त्या काळच्या अनेक लिनक्स संगणकांत तर आणखी मजेशीर प्रकार होता. एकदा वापरलेली किल्ली स्मृतीतून पुसून टाकण्याची सावधगिरी तिथल्या प्रोग्रामने घेतली होती. परिणामी दुसऱ्या खेपेला पुसलेली, म्हणजे सगळी शून्ये असलेली किल्ली कामाला लागत असे. सावधगिरीनेच दार सताड उघडले.

इथे मोजणी सोडून यादृच्छिक आकडा घेणे हा उपाय नव्हता. ४८ बिट त्यासाठी फार तोकडे आहेत, याचे गणित पुढे येतेच. शिवाय वाढत जाणाऱ्या क्रमांकावरूनच वाय-फाय जुने पाकीट पुन्हा पाठवले गेल्याचे ओळखते. दुरुस्ती म्हणून एवढेच ठरले की कामावर असलेली किल्ली पुन्हा लावायची नाही आणि तिचा क्रमांक मागे न्यायचा नाही. किल्ली आणि मोजणी पुन्हा एकमेकींना बांधली गेली.

साठवलेल्या माहितीच्या बाबतीत मात्र अशी बांधणी टिकवणे कठीण जाते, कारण तिथे किल्ली वर्षानुवर्षे जगते. एखादी संस्था आपल्या नोंदी कूटबद्ध करून डेटाबेसमध्ये ठेवते असे समजू. किल्ली वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी आहे. नॉन्सची मोजणी सर्व्हरच्या डिस्कवर लिहून ठेवली जाते. सर्व्हर आभासी यंत्रावर चालतो आणि रोज रात्री दोन वाजता त्या यंत्राचा स्नॅपशॉट घेतला जातो. एका रात्री स्नॅपशॉटच्या वेळी मोजणी ७,२०० वर होती. दिवसभरात ती ७,९५० पर्यंत गेली. संध्याकाळी डिस्क बिघडली आणि रात्रीचा स्नॅपशॉट परत चढवला गेला. सगळे सुरळीत सुरू झाले, कुठलीही त्रुटी दिसली नाही. पण पुढच्या नोंदीला नॉन्स मिळाला ७,२०१, जो सकाळीच वापरून झाला होता. पुढच्या ७५० नोंदींपैकी प्रत्येकीची एक जुळी नोंद आता अस्तित्वात आहे. सकाळच्या नोंदी बिघडलेल्या डिस्कसोबत गेल्या असे म्हणून भागत नाही. त्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीत असतात, नेटवर्कवरून गेलेल्या असतात, बाहेरच्या बॅकअपमध्ये पोचलेल्या असतात.

स्नॅपशॉटशिवायही हे घडते. कामाचा बोजा वाढला म्हणून त्याच यंत्राच्या चार प्रती उभ्या केल्या, तर चारही प्रती एकाच आकड्यावरून पुढे मोजू लागतात. वीज गेल्यावर मोजणी डिस्कवर लिहायची राहून जाते. प्रोग्राम पुन्हा सुरू होताना कोणीतरी काउंटरला शून्य ही आरंभकिंमत दिलेली असते. प्रत्येक यंत्राला वेगळा उपसर्ग द्यावा, मोजणी आधीच काही हजारांनी पुढे नेऊन डिस्कवर राखून ठेवावी, असे उपाय आहेत आणि ते चालतातही. पण ते सगळे मिळून एका शिस्तीची मागणी करतात, आणि ती शिस्त मोडल्याचे यंत्रणा सांगत नाही. नोंदी कूटबद्ध होत राहतात, उलगडतही राहतात. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

अशा ठिकाणी यादृच्छिक नॉन्स अधिक सुरक्षित ठरतो, कारण त्याला मागचे काही आठवावे लागत नाही. प्रत्येक नोंदीच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिमकडून १२ नवे बाइट मागायचे आणि कूट मजकुराच्या पुढे जोडून ठेवायचे, एवढेच काम. पायथनमध्ये ते असे दिसते:

```
import os
from cryptography.hazmat.primitives.ciphers.aead import AESGCM

nonce = os.urandom(12)
record = nonce + AESGCM(key).encrypt(nonce, data, None)
```

प्रती चार असोत की चाळीस, त्यांना एकमेकींशी बोलावे लागत नाही. जुना स्नॅपशॉट चढवला तरी पुढचे आकडे नवेच पडतात.

याची किंमत योगायोगाच्या रूपात मोजावी लागते. वर्गात २३ जण असतील तर कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ३६५ दिवस असूनही २३ जण पुरतात, कारण प्रत्येकाची जोडी दुसऱ्या प्रत्येकाशी लागते. नॉन्सचेही तसेच आहे. बिटांची संख्या निम्मी करून २ चा तेवढा घात काढला की धोक्याची पातळी ढोबळमानाने कळते. १९९० च्या दशकातल्या वेप या वाय-फाय पद्धतीत आयव्ही फक्त २४ बिटांचा होता, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख आकडे. यादृच्छिक निवड केली तर जेमतेम ५,००० पाकिटांतच दोन आयव्ही जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाई. मोजणी केली तरी व्यग्र नेटवर्कवर आकडे काही तासांत संपत, आणि अनेक कार्डे तर दर वेळी बसवल्यावर शून्यापासून मोजत. तिथे निवडीचा वाद निरर्थक होता, आकडाच लहान होता. डब्ल्यूपीए-२ च्या ४८ बिटांत हीच पातळी सुमारे २ कोटी पाकिटांवर येते. सेकंदाला ५,००० पाकिटे जात असतील तर हे तासाभराचे काम.

९६ बिटांत चित्र पालटते. निस्टने २००७ मध्ये ठरवलेला नियम असा की यादृच्छिक नॉन्स वापरायचा असेल तर एका किल्लीने २ चा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, याहून जास्त संदेश कूटबद्ध करू नयेत. त्या मर्यादेवरही दोन नॉन्स जुळण्याची शक्यता साधारण ८५९ कोटींत एक इतकी राहते. सेकंदाला दहा नोंदी करणाऱ्या संस्थेला ही मर्यादा गाठायला तेरा वर्षांहून जास्त काळ लागेल. सेकंदाला हजार नोंदी असतील तर मात्र पन्नास दिवसांच्या आत किल्ली बदलावी लागेल, आणि सेकंदाला लाख असतील तर बारा तासही मिळणार नाहीत. म्हणजे यादृच्छिक निवड विसरभोळेपणा माफ करते, पण संदेशांची संख्या माफ करत नाही. मोजणीचे नेमके उलटे आहे.

टीएलएसच्या आधीच्या १.२ आवृत्तीत या दोन्ही बाजू एकत्र दिसल्या. तिथे जीसीएमच्या १२ बाइट नॉन्सपैकी ४ बाइट जोडणीभर कायम राहत आणि ८ बाइट कसे भरायचे ते प्रोग्रामरवर सोडलेले होते. २०१६ मध्ये हान्नो ब्योक आणि त्यांच्या सहसंशोधकांनी इंटरनेटवरचे सर्व्हर चाळले तेव्हा १८४ सर्व्हर नॉन्स चक्क पुन्हा वापरताना सापडले, आणि ७०,००० हून अधिक सर्व्हर ते ८ बाइट यादृच्छिक भरत होते. ८ बाइट म्हणजे ६४ बिट. ४२९ कोटी संदेशांनंतर तिथे पुनरावृत्तीची शक्यता दहांत चारच्या आसपास पोचते. एका जोडणीवर इतके संदेश क्वचितच जातात, त्यामुळे हे दुसरे सर्व्हर लगेच संकटात नव्हते. पण किल्ली आणि मोजणी दोन्ही त्याच जोडणीपुरत्या होत्या, तेव्हा साधी मोजणी पूर्ण सुरक्षित ठरली असती आणि ती सोडण्याचे काही कारणच नव्हते.

यादृच्छिक निवडीचा भरवसा शेवटी तो आकडा खरेच यादृच्छिक असण्यावर टिकतो. डेबियन लिनक्समधल्या एका बदलामुळे २००६ ते २००८ या काळात तिथल्या ओपनएसएसएलची यादृच्छिकता केवळ प्रोसेसच्या क्रमांकावर, म्हणजे ३२,७६८ शक्यतांवर, येऊन ठेपली होती. आभासी यंत्राच्या स्नॅपशॉटमध्ये यादृच्छिक आकडे देणाऱ्या भागाची अवस्थाही जशीच्या तशी गोठते, आणि एकच स्नॅपशॉट दोनदा जागा केला तर दोन्ही वेळा तेच आकडे पडू शकतात. टॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी २०१० मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवले. लिनक्सच्या ५.१८ आवृत्तीपासून यंत्राची प्रत झाल्याचे किंवा ते मागे नेल्याचे आभासी यंत्रणेकडून कळताच कर्नल आपली यादृच्छिकता नव्याने भरून घेते. म्हणून हे आकडे कर्नलकडूनच मागावेत, स्वतःच्या प्रोग्राममध्ये साठवून ठेवू नयेत.

नॉन्स निवडण्याचा अधिकार बाहेरच्याला देणे ही आणखी एक चूक. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की काही गॅलॅक्सी फोनांत किल्ल्या कूटबद्ध करणाऱ्या सुरक्षित कप्प्याला आयव्ही कोणता घ्यायचा हे बाहेरून सांगता येत होते. जुनाच आयव्ही पुन्हा घ्यायला लावला की कप्प्यात जपलेली किल्ली वर दाखवलेल्या एक्सॉरनेच बाहेर येत असे.

एका जातीच्या पद्धतीत मात्र मोजणी कधीच चालत नाही, मग आठवण कितीही पक्की असो. सीबीसी या जुन्या पद्धतीत मजकूर थेट एईएसमध्ये जातो आणि पहिला खंड आत जाण्याआधी आयव्हीशी एक्सॉर होतो. इथे आयव्ही नुसता नवा असून भागत नाही, तो आधी ओळखता येता कामा नये. पुढचा आयव्ही काय असेल हे हल्लेखोराला ठाऊक असेल आणि आपल्या पसंतीचा मजकूर त्याला कूटबद्ध करून घेता येत असेल, तर तो मजकूर असा बेततो की आयव्हीचा परिणाम खोडला जावा, आणि मग जुन्या गुप्त खंडाबद्दलचा आपला अंदाज बरोबर होता का ते कूट मजकूर जुळतो की नाही यावरून पाहतो. टीएलएस १.० मध्ये मागच्या संदेशाचा शेवटचा कूट खंडच पुढच्याचा आयव्ही असे. ताई दुओंग आणि हुलियानो रिझो यांनी २०११ मध्ये ‘बीस्ट’ हल्ल्यात याच वाटेने वेबसाइटच्या कुकी काढून दाखवल्या. सीबीसीला आयव्ही यादृच्छिकच हवा.

संदेशही अगणित आणि आठवणीचाही भरवसा नाही, अशा ठिकाणी ९६ बिटांत अडकून राहण्याचे कारण नाही. एक्सचाचा-२० या पद्धतीत नॉन्स १९२ बिटांचा असतो. तिथे यादृच्छिक आकडा घेऊन मर्यादेची चिंता सोडून द्यावी. एईएस-जीसीएम-एसआयव्ही या २०१९ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत नॉन्स चुकून पुन्हा आला तरी माळ मजकुरावरही अवलंबून असल्याने ती वेगळी पडते. दोन संदेश अक्षरशः सारखे असतील तर ते सारखे आहेत एवढेच बाहेर कळते. त्यासाठी मजकुरावरून दोनदा जावे लागते, आणि बहुतेक कामांत ही किंमत परवडते.

आपल्या साठवलेल्या नोंदींत पुनरावृत्ती झाली आहे का, हे तपासणे अवघड नाही, कारण नॉन्स उघडाच असतो. नोंदींच्या तक्त्यात किल्लीचा क्रमांक, नॉन्स आणि कूट मजकूर वेगळ्या रकान्यांत असतील तर एक प्रश्न पुरतो:

```
SELECT key_id, nonce
FROM records
GROUP BY key_id, nonce
HAVING COUNT(DISTINCT ciphertext) > 1;
```

वेगवेगळे कूट मजकूर मोजायचे ते अशासाठी की एकाच नोंदीची हुबेहूब प्रत म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. हाच शोध जुन्या बॅकअपसह घ्यावा, कारण जुळी नोंद बहुधा तिथेच असते. ९६ बिटांच्या यादृच्छिक नॉन्समध्ये उत्तर शून्य ओळी असायला हवे. एक जरी ओळ आली तरी तो योगायोग समजू नये, प्रोग्राममध्ये दोष आहे असे धरून चालावे. सापडलेल्या जोड्यांमधला मजकूर उघड झाला असे मानावे, जीसीएम असेल तर त्या किल्लीखालच्या कुठल्याही शिक्क्यावर विश्वास ठेवू नये, आणि आधी दोष काढून मगच उरलेल्या नोंदी नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध कराव्यात.